भावावरचा राग कागदावर कसा उतरवावा

२००५च्या कायदादुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. तरीही निफाड-दिंडोरीकडे हक्कसोडपत्रावर सही करून द्राक्षबागेतला वाटा भावाला देऊन टाकणाऱ्या बहिणी आजही भेटतात. सही होऊन जाते, राग उरतो, आणि भाऊ तर हवाच असतो. अशा रागावर लिहायचं कसं, ते एका मैत्रिणीच्या लेखावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, भाऊ निफाडला बाग सांभाळतो.

पहिला खर्डा फक्त स्वतःसाठी लिहा, शिव्याशापांसकट. चार-आठ दिवस तो बाजूला ठेवा. मग पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: यात तो काय वागला हे आहे, की तो कसा आहे हे? मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘दादा पहिल्यापासून आपमतलबी, त्यात वहिनीच्या मुठीत.’ यातून वाचकाला काहीच दिसत नाही, आणि दादाला यावर उत्तरही देता येत नाही. अख्ख्या पानात घडलेली गोष्ट जेमतेम दोन ओळींत होती. बाकीचं खोडा, त्या दोन ओळी ठेवा.

आता तेवढा एकच प्रसंग सावकाश लिहा. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द इथे नकोत, ते आले की एका दिवसाचं भांडण सगळ्या जन्माचं होऊन बसतं. तिचा दुसरा खर्डा असा झाला:

‘भाऊबीजेला दादाने ताटात पाचशेची नोट टाकली. पुढच्या सोमवारी, छाटणीचे मजूर बागेत सोडून, तो मला दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन गेला. बाकावर माझ्या शेजारी बसला. म्हणाला, “तुला काय कमी आहे?” पेन त्याचंच होतं. मी सही केली, अंगठा लावला, कॅमेऱ्यासमोर बसले. बाहेर आल्यावर त्याने मला उसाचा रस पाजला.’

यात एकही दूषण नाही आणि तरी वाचताना कान तापतात. ‘तुला काय कमी आहे?’ हे त्याचे शब्द आहेत, ते जसेच्या तसे ठेवायचे, धार लावायची नाही. त्याच्या मनात काय होतं, हेही लिहायचं नाही. ‘मला गोड बोलून फसवायला’ असं तिने आधी जोडलं होतं, तो तिचा तर्क होता. ‘मी सही केली’ हे मात्र गाळू नये. तेवढं गाळलं तर लेख फिर्याद होतो.

प्रेम कुठे ठेवायचं, हा खरा अवघड भाग. बहुतेक जण शेवटी ‘पण तसा तो मनाचा चांगला आहे’ असं लिहून मोकळे होतात. त्याने राग विझतो आणि प्रेमही खोटं वाटतं. ते रागाच्या पोटातच ठेवावं. तिने लिहिलं, ‘जानेवारीत पहिल्या तोडणीची पेटी घेऊन तो सकाळी सहालाच दारात उभा. द्राक्षं गोड होती, त्याचाच मला संताप आला.’

आता क्रूरपणा शोधा. तो बहुधा आपल्याला सर्वांत आवडलेल्या वाक्यात असतो. तिच्याकडे एक फर्मास ओळ होती, दादाच्या एका जुन्या कर्जाबद्दलची. ते कर्ज त्याने एका रात्री रडत फक्त तिलाच सांगितलं होतं. ओळ झाकून परिच्छेद वाचला, राग तसाच्या तसा उभा राहिला. म्हणजे ती ओळ रागासाठी नव्हती, वर्मावर बोट ठेवण्यासाठी होती. काढली. ‘आमचे बंधुराज’ही काढलं. घरात जो ‘दादा’ आणि ‘अरे’ आहे, तो लेखात तिरकस आदरार्थी झाला की खवचटपणाचा वास येतो.

या साफसफाईत उलटंही होतं. भीतीपोटी ‘कदाचित’, ‘त्याचीही बाजू असेल’ घुसतं आणि ‘तो मला घेऊन गेला’चं ‘मला नेण्यात आलं’ होतं. कर्ता गायब झाला की आच गेलीच म्हणून समजा. ‘तो’ परत आणा. (दिवाळी अंकांकडे येणाऱ्या लेखांत मला हा मवाळपणा क्रूरपणापेक्षा जास्त आढळतो.)

छापायला देण्याआधी लेख भावाला वाचायला द्यावा, असं माझं मत आहे. परवानगीसाठी नव्हे, तपशिलासाठी. तो म्हणाला, ‘सोमवार नव्हता, मंगळवार होता,’ तर तपासून दुरुस्त करा. त्याच्या मुलांना शाळेत कोणी चिडवेल असं काही असेल, तर तेही काढा. ‘एवढं रागवायचं काय त्यात?’ असं म्हणाला, तर लेखाला हात लावू नका.