यूट्यूबवर गाणे दबलेले ऐकू येऊ नये म्हणून लाऊडनेस कसा ठरवावा

सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेच्या तोंडावर नंदीध्वजांच्या मिरवणुकीची गाणी तयार होतात आणि हलगी उठून दिसावी म्हणून बहुतेकजण शेवटच्या लिमिटरवर, म्हणजे ठरावीक मर्यादेवरची टोके कापणाऱ्या प्लगइनवर, आवाज जमेल तितका चढवतात. मीही एका गाण्यात तेच केले होते. स्टुडिओत ते दणदणीत वाजले, पण यूट्यूबवर हलगीचा कडकडाटच नाहीसा झाला.

त्याचे कारण असे, की यूट्यूब संपूर्ण गाण्याचा सरासरी लाऊडनेस मोजते आणि तो, लाऊडनेसच्या एलयूएफएस या एककात, सुमारे उणे १४ पेक्षा जास्त असेल तर गाण्याचा आवाज तेवढा खाली आणते. मात्र लिमिटरने कापलेले ठोके त्यामुळे परत येत नाहीत.

प्रथम गाणे मोजावे. मीटर प्लगइन नसेल, तर ffmpeg या प्रोग्रामची पुढील आज्ञा पुरते:

```
ffmpeg -i gane.wav -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटच्या सारांशात `I:` पुढे सरासरी लाऊडनेस आणि `Peak:` पुढे ट्रू पीक, म्हणजे आवाजाचे सर्वांत उंच टोक, दिसते. माझ्या गाण्याचे आकडे उणे ८.२ आणि उणे ०.१ होते. यूट्यूबने ते ५.८ डेसिबलने उतरवले, त्यामुळे हलगीचे टोकही उणे ५.९ वर येऊन बसले.

त्यानंतर लिमिटरचा इनपुट गेन थोडा थोडा कमी करत, हलगीच्या प्रत्येक ठोक्याला लिमिटरची सुई जेमतेम एक-दोन डेसिबल हलेल इथवर आणावा, आणि एमपी३ किंवा एएसीमध्ये रूपांतर होताना टोके किंचित वाढतात म्हणून कमाल मर्यादा उणे १ ट्रू पीकवर ठेवावी. या बदलानंतर गाणे उणे १२.८ वर आले. यूट्यूब आता केवळ १.२ डेसिबल उतरवणार होते, म्हणजे टोक उणे २.२ वर राहणार होते. सरासरी लाऊडनेस तोच, तरीही हलगीचा ठोका ३.७ डेसिबलने उंच!

दोन्ही आवृत्त्यांची तुलना करताना जुनी आवृत्ती ४.६ डेसिबलने उतरवूनच ऐकावी, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि तिथेच निर्णय चुकतो.

उणे १४ हा आकडा नेमका गाठण्याचा अट्टहास मी करत नाही. हलगी शाबूत असेल तर उणे १२ देखील चालते. उलट, यूट्यूब कमी लाऊडनेसच्या गाण्याचा आवाज सहसा चढवत नाही, त्यामुळे उणे १८ वर सोडलेले गाणे शेजारच्या गाण्यांपुढे खरोखरच हळू वाजते. संथ आलापाने सुरू होणाऱ्या गाण्यात मात्र सरासरी फसवी ठरते, म्हणून तिथे ध्रुवपदाचा लाऊडनेस स्वतंत्रपणे पाहावा.

अपलोड आधी खासगी ठेवावे, संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून `Stats for nerds` उघडावे आणि `Volume / Normalized` ही ओळ वाचावी. तिथे `content loudness` पुढे ५-६ डेसिबल दिसत असतील, तर गाणे पुन्हा लिमिटरपाशी न्यावे.