नाणे, बिस्कीट की दागिना: सोन्याचा हिशेब ग्रॅममध्ये कसा करावा

गुंतवणूक म्हणून सोने घ्यायचे असेल, तर दिवसाच्या भावाकडे पाहण्याआधी एक साधा हिशेब करावा. आपण देत असलेल्या पैशांत किती ग्रॅम चोख सोने हाती येते आणि तीच वस्तू लगेच विकली तर त्यातल्या किती ग्रॅमचे पैसे परत मिळतात, हे पाहावे. भाव रोज हलतो. पण या दोन आकड्यांमधली तूट मात्र खरेदीच्या क्षणीच बव्हंशी ठरून जाते.

सुरुवात शिक्क्यापासून करावी. वस्तूवर ठोकलेला आकडा हजार भागांत चोख सोन्याचे भाग किती ते सांगतो. 999 म्हणजे 24 कॅरेट, 916 म्हणजे 22 कॅरेट आणि 750 म्हणजे 18 कॅरेट. वजनाला या आकड्याने गुणून हजाराने भागावे. 20 ग्रॅमची 916 शिक्क्याची बांगडी घेतली, तर तिच्यात 18.32 ग्रॅम चोख सोने असते. मात्र 22 कॅरेटचे नाणे म्हणजे कमी प्रतीचे, असा समज करून घेऊ नये. क्रुगरँड हे 22 कॅरेटचे नाणे सुमारे 33.93 ग्रॅम भरते आणि त्यात 31.1 ग्रॅम, म्हणजे एक ट्रॉय औंस, चोख सोने असते. तांबे मिसळलेले असते ते नाणे झिजू नये म्हणून, आणि किंमत ठरते ती आतल्या सोन्यावर.

पुढची पायरी तुटीची. समजा, 100 ग्रॅम चोख सोन्याच्या भावाइतके पैसे आपल्याजवळ आहेत. पुढील टक्केवारी केवळ उदाहरणादाखल धरली असून कर बाजूला ठेवला आहे. आपल्या विक्रेत्याचे दर विचारून तेच आकडे येथे घालावेत. बिस्किटावर 1 टक्का जादा आकार पडला, तर सुमारे 99 ग्रॅम सोने मिळते आणि विकताना भावापेक्षा 1 टक्का कमी मिळाला, तर 98 ग्रॅमचे पैसे परत येतात. नाण्यांवर 4 टक्के जादा दिले आणि विकताना 2 टक्के कापले गेले, तर सुमारे 94 ग्रॅम उरतात. दागिन्यावर 12 टक्के घडणावळ दिली, तर मुळात 89.3 ग्रॅमच चोख सोने हाती येते आणि मोडताना 3 टक्के घट धरली गेली की 86.6 ग्रॅमचे पैसे मिळतात. म्हणजे केवळ बरोबरी साधण्यासाठीच सोन्याचा भाव बिस्किटाच्या बाबतीत 2, नाण्यांच्या बाबतीत 6 आणि दागिन्याच्या बाबतीत 15 टक्क्यांहून अधिक चढावा लागतो.

दागिन्यात आणखी एक खाच आहे. 40 ग्रॅमच्या हारात 3 ग्रॅमचे खडे असतील आणि ते सोन्याच्या भावाने मोजले गेले असतील, तर मोडताना ते 3 ग्रॅम वजनातून वगळले जातात. म्हणून पावतीवर एकूण वजन, खड्यांचे वजन, निव्वळ सोने आणि घडणावळ हे सगळे वेगवेगळे लिहून घ्यावे. अंगावर घालण्याचा आनंद हवा असेल तर दागिना जरूर घ्यावा, पण माझ्या मते त्याची घडणावळ हौसेच्या खर्चात धरावी, गुंतवणुकीत नव्हे.

मग सगळे पैसे एकाच बिस्किटात घालावेत का? 100 ग्रॅमच्या बिस्किटातले 20 ग्रॅम विकता येत नाहीत. अडीअडचणीला सगळेच मोडावे लागते. उलट एकेक ग्रॅमच्या नाण्यांवर पाडणीचा खर्च वजनाच्या मानाने फार पडतो. यासाठी मधला मार्ग म्हणजे 10 किंवा 20 ग्रॅमचे नग घेणे.

घरी तपासायचे तर वजनकाट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि 100 ग्रॅमचे बिस्कीट दोऱ्याने, तळाला टेकू न देता, पूर्ण बुडेल असे पाण्यात सोडावे. काटा 5.2 ग्रॅमच्या आसपास थांबला पाहिजे. पितळ किंवा तांबे असेल तर तो 11 ते 12 पर्यंत चढतो. टंगस्टनची घनता मात्र सोन्याला इतकी जवळची आहे की, आत टंगस्टन असलेले खोटे बिस्कीट या परीक्षेत उत्तीर्ण होते. कसोटीचा दगडही केवळ वरचा थर पाहतो. शंका असल्यास ध्वनिलहरींनी तपासणी करून घ्यावी किंवा वस्तू वितळवून कस काढावा.

साठवणीत जागेचा प्रश्न क्वचितच येतो, कारण एक किलो सोने मुठीत मावते. जपायचे असते ते वेष्टन. क्रमांक छापलेले सीलबंद पाकीट फोडले, तर परत घेणारा पुन्हा कस काढू शकतो आणि त्याचा खर्च आपल्यावर पडतो. चोख सोने मऊ असल्याने नाणी एकमेकांवर घासू देऊ नयेत आणि ती कधीही पॉलिश करू नयेत. लॉकरमध्ये ठेवणार असाल तर आतल्या वस्तूंचा विमा आहे का हे लेखी विचारून घ्यावे, त्याचे वार्षिक भाडे वरच्या तुटीत मिळवावे आणि पावत्या लॉकरबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात.