द्राक्षबागेवर आलेला तूर्तातूर्त मनाई हुकूम कसा वाचावा

मनाई हुकूम हातात पडला की घरातले बहुतेक जण पहिल्या पानापासून वाचू लागतात आणि दुसऱ्या पानावर अडकतात. वाचायला सुरुवात शेवटून करा. दोन्ही बाजूंचे म्हणणे आणि कोर्टाने दिलेली कारणे आधी येतात, प्रत्यक्ष बंधन मात्र ‘आदेश’ या शब्दाखालच्या तीन-चार ओळींत असते.

उदाहरणासाठी तासगाव तालुक्यातला एक काल्पनिक वाटपाचा दावा घेऊ. वादी बहीण आहे. थोरला भाऊ प्रतिवादी क्र. 1, धाकटा क्र. 2 आणि आई क्र. 3. दाव्याच्या कलम 1-अ मध्ये द्राक्षबागेचा गट आहे, 1-ब मध्ये गावातले घर. बहिणीने निशाणी 5 चा मनाई अर्ज दिला आणि कोर्टाने 2 जूनला, समोरच्यांना न ऐकता, असा आदेश केला:

“प्रतिवादी क्र. 1 व 2 यांनी स्वतः अगर त्यांचेतर्फे अन्य कोणीही, कलम 1-अ मधील मिळकतीत विक्री, गहाण, बक्षीस अगर अन्य प्रकारे त्रयस्थ इसमाचा हक्क निर्माण करू नये व मिळकतीचे स्वरूप बदलू नये, पुढील तारखेपर्यंत. कारणे दाखवा नोटीस काढावी. पुढील तारीख 19 जून.”

आधी कागद कोणता ते ओळखा

बहिणीने अर्जात बाग आणि घर दोन्हींवर मनाई मागितली होती. कोर्टाने दिली फक्त बागेवर. नोटिशीबरोबर अर्जाचीही प्रत येते आणि घाबरलेली माणसे अर्जातली मागणीच हुकूम समजून बसतात. याच्या उलटही घडते. आदेशात नुसते ‘विनंती कलम अ प्रमाणे अर्ज मंजूर’ एवढेच असते, तेव्हा अर्ज काढून ते विनंती कलम शब्दशः वाचावेच लागते. मोबाईलवर आलेल्या फोटोवर थांबू नका, कोर्टाच्या नक्कल विभागातून खरी नक्कल काढा. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी ताडून पाहा. गटात दहा खातेदार असतील, तर हुकूम अख्ख्या गटावर आहे की आपल्या हिश्श्यावर, हे याच ओळीतून कळते.

काय करायचे नाही

आदेशातली क्रियापदे एकेक करून सुटी काढा. इथे ती दोनच आहेत: हक्क निर्माण करणे आणि स्वरूप बदलणे.

‘हक्क निर्माण करणे’ म्हणजे फक्त खरेदीखत नव्हे. गहाणखत त्यात येते. सोसायटीच्या पीककर्जासाठी इकरार करून सातबाऱ्यावर नवा बोजा चढवणे हाही त्रयस्थाचा हक्कच. भाऊ हमखास चुकतात ते इथे, कारण दरवर्षीचे कर्ज म्हणजे व्यवहार, असे त्यांना वाटतच नाही. जुना बोजा राहतो, पण नवा किंवा वाढीव बोजा चढवण्याआधी कोर्टाची परवानगी मागावी. साठेखताने कायद्याने मालकी जात नसली, तरी विसार घेऊन ताबा दिला, तर ‘अन्य प्रकारे’ या शब्दांखाली ते हुकूम मोडणेच ठरू शकते.

‘स्वरूप बदलणे’ याचा अर्थ शेती थांबवणे नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळ छाटणी, फवारणी हे सगळे चालू राहील. द्राक्षे व्यापाऱ्याला देणे किंवा त्यांचा बेदाणा करणे यालाही या आदेशात मनाई नाही, कारण ‘उत्पन्नाची विल्हेवाट’ असे शब्द त्यात नाहीत. ते असते तर अर्थ बदलला असता. बाग मुळासकट उपटणे, प्लॉट पाडणे किंवा घराचा पाया खणणे मात्र सरळ मनाईत येते. मधल्या गोष्टींबद्दल, उदाहरणार्थ नवी विहीर, स्वतः अंदाज बांधू नका. वकिलांमार्फत अर्ज देऊन कोर्टाकडून खुलासा घ्या.

सगळ्यात गोंधळाचा हुकूम ‘जैसे थे’चा. कोणत्या तारखेची स्थिती आणि कशाची, ताब्याची की बांधकामाची, हे त्यात लिहिलेले नसेल, तर दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा अर्थ काढतात. खुलाशाचा अर्ज तिथे तर पहिल्याच तारखेला द्यावा.

कोणावर

हुकूम जमिनीवर नसतो, माणसांवर असतो. इथे तो दोन भावांवर आहे, आईवर नाही. मात्र भावाने मुखत्यार, गडी किंवा एजंटामार्फत काम केले, तर ते ‘त्यांचेतर्फे’ या शब्दात येते. दुय्यम निबंधक दाव्यात पक्षकार नाहीत, म्हणून दस्त आपोआप अडेलच असे बहिणीने धरून चालू नये. थोरल्याचा सज्ञान मुलगा स्वतःच्या हक्काने व्यवहार करील अशी धास्ती असेल, तर त्याला दाव्यात पक्षकार करून त्याच्याविरुद्ध वेगळी मनाई मागावी लागते.

कधीपर्यंत

‘पुढील तारखेपर्यंत’, ‘पुढील आदेशापर्यंत’ आणि ‘दाव्याच्या अंतिम निकालापर्यंत’ हे तीन वेगळे हुकूम आहेत. आपल्या उदाहरणातला हुकूम 19 जूनपर्यंतचा. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर असले आणि दाव्याला 8 जुलै तारीख पडली, तर मनाईही 8 जुलैपर्यंत वाढली असे होत नाही. ‘अंतरिम आदेश पुढे चालू’ असा आदेश हवा आणि तो रोजनाम्यात पाहावा. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर दिसणारी पुढची तारीख ही दाव्याची असते, मनाईची नव्हे. मुदतवाढीचा अर्ज देणे हे बहिणीचे काम आहे.

समोरच्याला न ऐकता मनाई दिली असेल, तर कोर्टाने अर्जाचा निकाल 30 दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39, नियम 3-अ मध्ये आहे. 30 दिवस उलटले म्हणून हुकूम आपोआप मरत नाही. सहा महिन्यांनी स्थगिती संपते, ही पारावरची चर्चा खटल्याच्या कामकाजाला मिळालेल्या स्थगितीविषयी होती आणि तो नियमही सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये रद्द केला.

हुकूम चुकीचा वाटत असेल, तर तो मोडू नका, उठवून घ्या. नियम 4 खाली त्याच कोर्टात अर्ज करता येतो किंवा 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील. बहिणीने अर्ज, शपथपत्र, दावा व कागदपत्रांच्या प्रती तातडीने पाठवल्या का आणि तसे शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल केले का, हे भावांच्या वकिलांनी आधी तपासावे. नियम 3 ची ही अट पाळली नसेल, तर मनाई उठवायला तो मोठा मुद्दा होतो.

मोडला तर

नियम 2-अ खाली मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते आणि त्याला दिवाणी तुरुंगात जास्तीत जास्त तीन महिने ठेवता येते. जप्ती एक वर्षापर्यंत राहते. तरीही अवज्ञा चालूच राहिली, तर मालमत्ता विकून त्यातून नुकसानभरपाई देता येते. बेलीफ आला नाही ही सबब नेहमीच चालत नाही, कारण प्रश्न हुकूम माहीत होता का, हा असतो. पुढे तो हुकूम रद्द झाला, तरी तो चालू असताना केलेली मोडतोड माफ होत नाही.

उलट बाजूने, हुकूम मोडल्याचा अर्ज देणाऱ्याला ते ठोस पुराव्याने सिद्ध करावे लागते. ‘बाग उपटायला घेतली’ एवढे पुरत नाही. तारखेसह फोटो, दस्ताची सूची 2 किंवा फेरफाराचा उतारा असे काहीतरी हवे. थेट पोलीस ठाणे गाठले, तर तिथे बहुधा ‘दिवाणी बाब आहे’ असेच ऐकायला मिळते. बंदोबस्त हवा असेल, तर तसा वेगळा आदेश कोर्टाकडून आणावा लागतो.

बाग विकत घेणाराही यातून सुटत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 52 नुसार चालू दाव्यात घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते. महाराष्ट्रात त्यासाठी दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवावी लागते, म्हणून बहिणीने मनाई मिळाल्यावरही ते काम मागे ठेवू नये.