हायपोमॅनिया लिहिण्याआधी या चुका टाळा

‘चार दिवस हायपोमॅनिया, सात दिवस मॅनिया.’ नव्या रेसिडेंटना विचारा, हे तोंडपाठ असतं. दिवस मोजायला सोपे, म्हणून सगळे तेच मोजतात. खरा फरक आहे तो माणसाचं किती बिघडलं यात. चढलेला मूड, कमी झोप, बडबड, उधळपट्टी दोन्हीकडे दिसते. हायपोमॅनियात बदल आजूबाजूच्यांना जाणवतो, पण संसार आणि काम रेटता येतं. भ्रम किंवा भास असले, किंवा दाखल करावं लागलं, की तो हायपोमॅनिया उरतच नाही.

एक पेशंट अजून आठवतो. नैराश्य घेऊन आला होता. वर्षभरापूर्वी पाच दिवस ‘चढल्यासारखं’ झाल्याचं त्यानेच सांगितलं. आमच्या ज्युनियरने हिशेब केला: पाच दिवस, नोकरी शाबूत, म्हणजे हायपोमॅनिया, आणि सोबत नैराश्य, म्हणून बायपोलर टू. नुसती नैराश्याची गोळी सुरू झाली आणि कागदावर मीही सही केली. चौथ्या आठवड्यात भावाने त्याला धरून आणलं. दोन रात्री डोळा लागलेला नव्हता, सगळी बचत कुणाला तरी देऊन मोकळा झाला होता.

मग भावाला त्या जुन्या पाच दिवसांबद्दल विचारलं. तेव्हा टीव्हीवरचा बातम्या देणारा आपल्याला खुणा करतो, असं हा सांगत होता. आणि नोकरी? ‘मीच ऑफिसात फोन करून ताप आलाय म्हणून सांगितलं होतं.’ म्हणजे पहिल्या खेपेलाच मॅनिया होता, म्हणून हा बायपोलर वन. वनमध्ये मूड आवरणाऱ्या औषधाशिवाय नुसती नैराश्याची गोळी देत नाहीत. ती बंद केली, लिथियम आणि ओलान्झापिन सुरू केलं. टूमध्ये पेशंट निवडून, लक्ष ठेवून तशी गोळी कधी देतातही, पण आधी ते टूच आहे याची खात्री हवी.

तेव्हापासून मी घरच्यांना ‘काम जमत होतं का?’ असं विचारत नाही, ‘त्या दिवसांत तुम्ही काय काय सांभाळून घेतलंत?’ असं विचारतो. कर्ज कुणी फेडलं, भांडण कुणी मिटवलं, रजा कुणी टाकली, हे त्यातून बाहेर येतं. पेशंटला स्वतःला ते दिवस झकास वाटलेले असतात. त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर निदान लिहिणं मला आळशीपणा वाटतो. दहा मिनिटांत लेबल हवं असणाऱ्यांनी किमान घरच्यांना फोन तरी करावा.

बाकी चुका थोडक्यात. फक्त चिडचिड असली तरी मॅनिया असू शकतो, आनंदच दिसायला हवा असं नाही. उलट, दोन दिवसांचा उत्साह म्हणजे हायपोमॅनिया नव्हे. टू म्हणजे ‘हलका बायपोलर’ असं घरच्यांना सांगू नका. त्यातली नैराश्यं लांबतात आणि आत्महत्येचा धोका तिथेही असतोच. आणि टूसाठी दिलेलं लॅमोट्रिजिन मॅनिया अडवेल या भरवशावर राहू नका, त्याचा जोर नैराश्य परतू नये यावर आहे.