घरच्या टॅबवरून दादाचं अकाउंट आणि फोटो काढताना: आधी काय, नंतर काय

टॅब घरात एकाकडून दुसऱ्याकडे गेला की हमखास सल्ला मिळतो, ‘सरळ रीसेट मारा’. टॅब विकायचा असेल तर ठीक आहे. पण घरच्या टॅबमध्ये आजीची भजनं असतात, छोटीची चित्रं असतात, सगळ्यांचे वाढदिवसाचे फोटो असतात. रीसेटमध्ये ते सगळं जातं. शिवाय जुनं गूगल अकाउंट न काढता बटणं दाबून रीसेट केला, तर टॅब सुरू होताना त्याच जुन्या अकाउंटचा पासवर्ड मागतो आणि तो मिळेपर्यंत पुढे जाऊ देत नाही.

नेहमीचं उदाहरण घेऊ. अँड्रॉइड टॅब, आजवर दादाच्या हातात होता. तो हॉस्टेलला गेला, आता आजी आणि छोटी वापरणार. टॅबवर दादाचं गूगल, इन्स्टाग्राम आणि फेसबुक सुरू आहे, आणि त्याने उतरवून घेतलेले फोटो-व्हिडिओ आहेत. दादासाठी सेटिंग्जमध्ये वेगळा युजर केलेला असेल तर त्याने हवं ते उचलल्यावर तो युजर काढून टाका. त्याची ॲप्स, फाइल्स सगळं त्याबरोबर जातं, पुढचं वाचायची गरज नाही. बहुतेक घरांत मात्र सगळे एकाच युजरवर असतात.

हे काम दादाला फोनवर घेऊनच करा. त्याची संमती हवी आणि त्याचा फोनही लागणार आहे.

सोशल अकाउंट

इन्स्टाग्राममधून लॉगआउट केलं की काम झालं, असं बरेच जण सांगतात. झालेलं नसतं. लॉगिनची माहिती टॅबवर जपलेली असेल तर पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर दादाचा चेहरा आणि नाव समोर येतं, आणि छोटीने त्यावर बोट ठेवलं की पासवर्डशिवाय ती आत. म्हणून लॉगआउट केल्यावर टॅबच्या सेटिंग्जमध्ये जा, ॲप्सच्या यादीत इन्स्टाग्राम उघडा, स्टोरेजमध्ये जाऊन `Clear data` दाबा. नुसतं `Clear cache` पुरत नाही. याने दादाचं अकाउंट बंद पडत नाही, फक्त या टॅबवरची त्याची खूण जाते. अर्धवट ठेवलेले ड्राफ्ट मात्र जातात, ते त्याला आधी विचारा. त्याच ॲपमध्ये आणखी कुणाचं अकाउंट असेल तर तेही बाहेर पडेल, त्यांनी पुन्हा लॉगिन करावं.

हेच फेसबुक, मेसेंजर आणि थ्रेड्सचंही करा, एकाच बैठकीत. ही ॲप्स एकमेकांचं लॉगिन ओळखतात; एक राहिलं तर दुसऱ्यात दादाचं नाव परत दिसतं. क्रोममध्ये फेसबुक उघडलेलं असेल तर तिथल्या कुकीजही पुसा, कालावधी `All time` ठेवून.

आणि या सगळ्यात अकाउंट ‘डिलीट’ किंवा ‘डिॲक्टिव्हेट’ करण्याच्या पानावर चुकूनही जाऊ नका. ते टॅबपुरतं नसतं, दादाचं अकाउंटच सगळीकडून काढायचं किंवा लपवायचं पान आहे.

फोटो: इथे क्रम चुकवू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि मलाही हीच पायरी समजायला वेळ लागला. लोक गूगल फोटोज उघडतात, दादाचे फोटो निवडतात आणि कचऱ्याची टोपली दाबतात. दादाचं अकाउंट तेव्हा सुरू असेल, तर बॅकअप झालेला फोटो टॅबवरून जातोच, शिवाय त्याच्या क्लाउडवरून आणि त्याच्या फोनवरच्या गूगल फोटोजमधूनही जातो. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात, मग कायमचे गेले. हॉस्टेलमधल्या मुलाला 60 दिवसांत ते लक्षात येईलच असं नाही.

म्हणून माझा नियम पक्का आहे: आधी अकाउंट काढायचं, मग फोटो. उलट कधीच नाही.

अकाउंट काढण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, दादाचा बॅकअप खरंच पूर्ण आहे का. गूगल फोटोजमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या त्याच्या चित्रावर दाबलं की बॅकअपची स्थिती दिसते. पण ‘पूर्ण’ दिसलं म्हणून सगळं वर गेलं असं समजू नका. कॅमेऱ्याचे फोटो आपोआप जातात. इन्स्टाग्राम, डाउनलोड, स्क्रीनशॉट हे फोल्डर मुद्दाम चालू केलेले असतील तरच जातात. त्यातलं दादाला हवं असेल ते केबलने संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर काढून ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे आजीचे फोन नंबर. ते दादाच्या गूगल अकाउंटात सेव्ह झाले असतील तर अकाउंटबरोबर टॅबवरून जातील, म्हणून आधी त्यांची फाइल काढून ठेवा.

आता सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा, दादाचं गूगल अकाउंट निवडा आणि `Remove account` दाबा. डेटा जाईल अशी सूचना येते, तिला घाबरू नका; त्याचा मेल, संपर्क आणि फोटो त्याच्या अकाउंटात सुरक्षित राहतात.

यानंतर गूगल फोटोज उघडलं की चित्र स्वच्छ होतं. क्लाउडवरचे फोटो दिसेनासे होतात आणि जे उरतात ते खरोखर टॅबच्या मेमरीत आहेत. यांना हात लावला तरी दादाच्या क्लाउडला धक्का लागत नाही.

तरीही पुसायचं काम मी फोटोजमधून करत नाही, फाइल्स ॲपमधून फोल्डरवार करतो. `Pictures` आणि `Movies` मध्ये इन्स्टाग्रामचे फोल्डर सापडतील, बाकी माल `Download` मध्ये असतो. हे दादाचेच असतील तर पूर्ण पुसा. `DCIM` मधला `Camera` मात्र कधीच सरसकट पुसायचा नाही, कारण घरचे फोटोही तिथेच असतात. एकेक बघून निवडा. फाइल्स ॲपच्या सेटिंगमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायला सांगा, काही फोल्डर गॅलरीत दिसतच नाहीत. मेमरी कार्ड असेल तर तेही उघडा. शेवटी फाइल्स आणि गॅलरी दोन्हींची टोपली रिकामी करा, नाहीतर छोटी ते सहज परत आणू शकते.

आणखी एक धोका कुणी सांगत नाही. आजीचं गूगल अकाउंट जोडताना फोटोंचा बॅकअप चालू करायचा का, असं विचारतात. सफाई होईपर्यंत ‘नाही’ म्हणा. चालू केलात तर दादाचे उरलेले फोटो आजीच्या अकाउंटात चढतील आणि मग आजीच्या फोनवर दिसतील.

तपासणी

टॅब बंद करून चालू करा. इन्स्टाग्राम उघडल्यावर नुसतं रिकामं लॉगिन दिसलं पाहिजे, कुणाचा चेहरा नाही. मग दादाला त्याच्या फोनवर इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये `Where you're logged in` उघडायला सांगा. यादीत हा टॅब अजून असेल तर त्याने तो निवडून तिथूनच लॉगआउट करावं. गूगल अकाउंटच्या सुरक्षा पानावर डिव्हाइसची यादी असते, तीही त्याने बघावी. दोन्हीकडे हा टॅब लॉगिन असलेला दिसत नसेल, तर आजीचा बॅकअप आता चालू करायला हरकत नाही.