एका तेलाच्या थराचे तीन रेनॉल्ड्स अंक: संवेगाचे समीकरण मितिहीन करून खरा अंक कसा शोधावा

तोंडी परीक्षेत रेनॉल्ड्स अंक विचारला की उत्तर ठरलेलं असतं: जडत्वाचं बल भागिले श्यानतेचं बल. श्यानता म्हणजे द्रवाचा चिकटपणा, व्हिस्कॉसिटी. उत्तर चूक नाही. पण पुढचा प्रश्न विचारला, की सूत्रातली लांबी कुठली घ्यायची, तर बहुतेक जण अडखळतात. पाइप असेल तर व्यास, पट्टी असेल तर लांबी, असं पाठ केलेलं असतं. पाठांतरात नसलेला आकार समोर आला की अडचण होते, म्हणून इथे तसाच एक आकार घेऊ.

एक सपाट पॅड आहे, ५ सेंटिमीटर लांब. त्याच्याखालून एक पृष्ठभाग ५ मीटर प्रति सेकंद वेगाने सरकतो आहे. दोघांच्या मधे तेलाचा थर आहे आणि पॅड किंचित तिरका असल्यामुळे तो थर पुढे निमुळता होत जातो. सर्वांत अरुंद जागी त्याची जाडी ५० मायक्रॉन. थ्रस्ट बेअरिंगमधे अशीच रचना असते. तेलाची घनता ८७० किलो प्रति घनमीटर आणि चल श्यानता, म्हणजे श्यानता भागिले घनता, ५० सेंटिस्टोक, म्हणजे 5×10⁻⁵ m²/s. व्हीजी ४६ ग्रेडचं तेल ४० अंश सेल्सिअसला साधारण एवढंच चिकट असतं.

आता अंक काढा: वेग गुणिले लांबी भागिले चल श्यानता. लांबी ५ सेंटिमीटर धरली तर ५०००. थराची जाडी धरली तर ५. पहिल्या उत्तराप्रमाणे जडत्व श्यानतेच्या पाच हजार पट आहे, दुसऱ्याप्रमाणे पाचपट. तेल तेच, वेग तोच. दोन्ही उत्तरं एकदम खरी असू शकत नाहीत, आणि इथे तर दोन्ही खोटी आहेत. ते समीकरणाकडूनच वदवून घेऊ.

समीकरण पूर्ण लिहा

थराच्या लांबीची दिशा x, जाडीची दिशा y. त्या दिशांतले वेग u आणि v. घनता ρ, श्यानता μ, दाब p, वेळ t. न दाबता येणाऱ्या द्रवासाठी x दिशेतलं संवेगाचं समीकरण आणि वस्तुमान टिकण्याची अट अशी:

```
ρ(∂u/∂t + u ∂u/∂x + v ∂u/∂y)
   = −∂p/∂x + μ(∂²u/∂x² + ∂²u/∂y²)

∂u/∂x + ∂v/∂y = 0
```

डावीकडे जडत्व. उजवीकडे आधी दाब, मग श्यानता. अजून काहीही गाळायचं नाही. "हे पद लहानच असतं" असं आधीच ठरवून ते खोडणं ही सगळ्यात नेहमीची चूक. कोणतं पद लहान आहे हे तर आपल्याला शोधायचं आहे.

प्रत्येक राशीला तिचं माप द्या

माप असं निवडायचं की त्याने भागल्यावर उरलेली राशी साधारण एकच्या आसपास राहील. पद्धतीचा सगळा जीव याच अटीत आहे. x शून्यापासून ५ सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणून त्याचं माप L. y मात्र ५० मायक्रॉनच्या आतबाहेर खेळतो, म्हणून त्याचं माप h. दोघांना एकच L लावला तर मितिहीन y हा ०.००१ एवढा होईल, त्याची अवकलनं हजारपट, दहा लाखपट फुगतील, आणि पुढे आलेल्या सहगुणकांकडे पाहून काहीच कळणार नाही. ५००० हा आकडा याच चुकीतून येतो.

u चं माप U, म्हणजे सरकत्या पृष्ठभागाचा वेग. v चं माप आपल्या मर्जीने घेता येत नाही, ते वस्तुमानाच्या अटीतून मिळतं. U/L आणि V/h सारख्याच आकाराचे असले पाहिजेत, म्हणून V = Uh/L. वेळेचं माप L/U, म्हणजे तेलाला पॅडखालून पार व्हायला लागणारा काळ. दाबाचं माप काय? ते आत्ता ठरवू नका. नुसतं P लिहा.

```
x = L x'    y = h y'    t = (L/U) t'
u = U u'    v = (Uh/L) v'    p = P p'
```

मूल्यं घाला आणि भागा

हे सगळं वरच्या समीकरणात घातलं की जडत्वाच्या तिन्ही पदांपुढे ρU²/L येतं. दाबापुढे P/L. श्यानतेच्या y पदापुढे μU/h², आणि x पदापुढे μU/L². आता संपूर्ण समीकरणाला μU/h² ने भागा. जडत्वाचा कंस J' असा थोडक्यात लिहितो:

```
(ρUh²/μL) J' = −(Ph²/μUL) ∂p'/∂x'
               + ∂²u'/∂y'² + (h/L)² ∂²u'/∂x'²
```

श्यानतेच्या मुख्य पदाचा सहगुणक आता एक झाला. जडत्वापुढे उभा असलेला ρUh²/μL म्हणजे त्या मुख्य पदाच्या तुलनेत जडत्वाची खरी किंमत. आकडे घाला: ०.००५. जडत्व श्यानतेच्या दोनशेव्या भागाएवढं आहे. या राशीला न्यून रेनॉल्ड्स अंक म्हणता येईल. जाडीवर काढलेला ५ गुणिले h/L, म्हणजे ०.००१, असाही तो मिळतो. आणि h = L ठेवलं तर ओळखीचा ρUL/μ परत येतो, कारण तिथे लांबी एकच असते.

या गुणोत्तराचा अर्थ बलांपेक्षा वेळेतून जास्त नीट समजतो, असं माझं मत आहे. भिंतीची ओढ थराच्या या काठापासून त्या काठापर्यंत श्यानतेने पसरायला साधारण h²/ν एवढा वेळ लागतो. ν म्हणजे चल श्यानता, μ/ρ. आपल्या थरात तो ५० मायक्रोसेकंद आहे. तेल पॅडखालून पार व्हायला L/U, म्हणजे १० मिलिसेकंद घेतं. तेवढ्यात ती ओढ दोनशे वेळा आरपार जाऊन आलेली असते, म्हणून तेलाला आधीचा वेग "लक्षात ठेवायला" उसंतच मिळत नाही.

दाबाचं माप शेवटी ठरवा

इथे घाई केली की सगळं बिघडतं. पाठ्यपुस्तकाच्या सवयीने P = ρU² घेऊन पाहा. मग दाबाच्या पदापुढेही तोच ०.००५ येतो. जडत्वाबरोबर दाबही क्षुल्लक म्हणून गाळला की उरतं ∂²u'/∂y'² = 0, म्हणजे सरळ रेषेत बदलणारा वेग आणि शून्य दाब. असं बेअरिंग एक ग्रॅमसुद्धा उचलणार नाही. शिवाय थर निमुळता असल्यामुळे सरळ रेषेचा वेग प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं तेल वाहून नेतो, म्हणजे वस्तुमानाची अटही मोडते. माप चुकल्याची खूण हीच: एखादं पद गाळल्यावर उरलेली समीकरणं एकमेकांशी भांडू लागतात.

श्यानतेला तोलून धरणारं दुसरं काहीतरी हवंच, आणि जडत्व तर उरलेलं नाही. म्हणून दाबाचा सहगुणक एक करा: P = μUL/h². आपल्या थरासाठी हे माप ४३ लाख पास्कल, सुमारे ४३ वातावरणं. ρU² मात्र जेमतेम २२ हजार पास्कल भरतं.

माप म्हणजे उत्तर नव्हे, हे विसरू नका. पॅड खूप रुंद आणि तिरकेपणा सर्वांत अनुकूल असला तर सरासरी दाब या मापाच्या सुमारे ०.१६ पट, म्हणजे साधारण ७ वातावरणं येतो. समीकरण न सोडवता आपल्याला आकड्याची जात कळली, सहगुणक नव्हे.

हा दाब कुणालाही अपेक्षित नव्हता तेव्हाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. इंग्लंडमधे ब्यूशॅम्प टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांचा अहवाल १८८३ चा. बेअरिंगच्या माथ्याला पाडलेल्या भोकातून तेल वर येऊ लागलं म्हणून त्यांनी बूच मारलं, मग लाकडी खुंटी ठोकली. तेलाने दोन्ही बाहेर ढकलली. दाबमापक जोडला तर काटा २०० पौंड प्रति चौरस इंचाच्या पुढे गेला. त्याचं गणित १८८६ मधे मांडलं ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनीच, ज्यांचा पाइपमधल्या प्रवाहावरचा प्रसिद्ध प्रयोगही १८८३ चाच. स्वतःच्या वंगण-सिद्धांतात त्यांनी जडत्वाची पदं सोडून दिली होती.

उत्तर तपासा

गाळलेलं पद सगळीकडे लहान राहतं का, हे शेवटी पाहायचं. उलट टोकाचं उदाहरण घेऊ. पाण्यात ३० सेंटिमीटर लांबीची पातळ पट्टी, प्रवाहाचा वेग १ मीटर प्रति सेकंद. लांबीवरचा अंक तीन लाख. श्यानता गाळावी का? गाळली तर पट्टीवरची ओढ शून्य येते, आणि प्रत्यक्षात ती शून्य नसते. इथे h कुणी दिलेला नाही, म्हणून तो समीकरणालाच विचारा: कुठल्या जाडीत जडत्व आणि श्यानता बरोबरीला येतील? ρUh²/μL = 1 ठेवा, h अर्धा मिलिमीटरच्या आसपास निघतो. हे झालं माप; वेग बाहेरच्या वेगाच्या ९९ टक्के होईपर्यंतची खरी जाडी पट्टीच्या शेवटी याच्या सुमारे पाचपट असते. प्रांट्ल यांनी १९०४ मधे मांडलेला सीमास्तर तो हाच. तीन लाख हा आकडा श्यानता क्षुल्लक आहे असं सांगत नव्हता. ती किती पातळ थरात कोंडली गेली आहे, एवढंच सांगत होता.

आणि एक टोक असं, की गुणोत्तराला काही अर्थच उरत नाही. लांब सरळ पाइपमधे प्रवाह शांत आणि पूर्ण स्थिरावलेला असेल तर जडत्वाची पदं नेमकी शून्य असतात, मग अंक १० असो की १५००. तिथे तो बलांची तुलना करत नाही. प्रवाहाला धक्का लागला तर तो धक्का विरून जाईल की वाढेल, याचा अंदाज मात्र देतो. तेलाच्या थरालाही हे लागू आहे: प्रवाह खळबळायला लागेल का, हे ०.००५ वरून ठरवू नका. त्यासाठी जाडीवर काढलेला ५ पाहा.

एक हिशेब हाताने करून पाहण्यासारखा आहे. त्याच पॅडखाली तेलाऐवजी पाणी घाला, भार आणि वेग तेच ठेवा. पाण्याचा μ तेलाच्या सुमारे ४३ व्या भागाएवढा, त्यामुळे तोच दाब टिकवायला थर ५० वरून साडेसात मायक्रॉनच्या आसपास उतरतो. नवा न्यून अंक काढा: ०.००६ च्या जवळ, म्हणजे जवळपास पहिल्याइतकाच. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ρUh²/μL म्हणजे ρU² भागिले P, आणि P तर पॅडवरच्या भारानेच ठरवून टाकला होता.