अबोल मुलाला किल्ल्यावरचे काम द्या

बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली मुले किल्ले बांधतात. त्या वेळी अकरा वर्षांच्या लाजऱ्या मुलाला नुसते ‘जा, खेळ’ म्हणण्यापेक्षा फवारणीची बाटली आणि अळिवाची पुडी भेट द्यावी. ओल्या मातीवर बी पेरून सकाळ-संध्याकाळ हलके पाणी फवारले, तर चार-पाच दिवसांत हिरवळ धरते. त्यामुळे त्याला रोज तेथे जाण्याचे कारण मिळते आणि बोलायला विषयही हाताशी असतो. महागडे रिमोटचे खेळणे मात्र टाळावे, कारण धीट मुले ते ताब्यात घेतात आणि ज्याचे खेळणे तोच कडेला उभा राहतो. गट दोन-तीन ओळखीच्या मुलांचाच असावा. ‘आज पाणी मारलंस का?’ असे विचारत ती मुले दारात आली, की पालकांनी मागे सरावे.